मामाचा लाल शर्ट

पुतणीच्या साखरपुड्यात घरच्यांनी मोरपिशी रंग ठरवला होता. बायकांच्या साड्या, पुरुषांचे कुडते, झाडून सगळं मोरपिशी. ग्रुपवर तीनदा निरोप गेला. तरी तिचा मामा आला तो लालभडक शर्ट घालून, हातात पेढ्यांचं स्टीलचं ताट आणि चेहऱ्यावर काही चुकल्याचा मागमूस नाही. बरोबर मधोमध उभा राहिला. दोन दिवसांनी पुतणीचा फोन आला, "काका, मामाचा शर्ट तेवढा मोरपिशी करून दे ना. फक्त शर्ट हं. मागच्या वेळी आत्याची मान निळी केली होतीस."

केली होती, खरं आहे. त्यामुळे या वेळी नीट बसून, स्नॅपसीडमध्ये, फोनवरच हे काम केलं. स्नॅपसीड फुकट आहे. मूळ निक सॉफ्टवेअर या कंपनीचं, 2012 पासून गूगलचं. लग्नाकार्यानंतर फोटो 'जरा बरे' करायला आपल्याकडे अनेकांच्या फोनमध्ये असतंच. 2025 मध्ये आयफोनवर त्याची नवी, वेगळ्या मांडणीची तिसरी आवृत्ती आली. मी सांगतोय ती जुन्या, 2 क्रमांकाच्या आवृत्त्यांची रीत. बटणं इकडची तिकडे झाली तरी विचार तोच राहतो.

आधी एक गैरसमज. स्नॅपसीडमध्ये Selective नावाचं हत्यार आहे आणि नावावरून वाटतं की शर्ट निवडायचा तर हेच. त्यात शर्टावर एक बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी त्याचा घेर कमीजास्त करायचा, आणि त्या घेरात बिंदूखालच्या रंगाशी मिळतंजुळतं जे असेल त्याच्यावर परिणाम होतो. पण त्यात उजेड, कॉन्ट्रास्ट, रंगाचा भडकपणा आणि पोत एवढंच बदलतं. लालाचा निळा होत नाही. शिवाय लाल शर्टाच्या बाबतीत ते विशेष दगा देतं, कारण माणसाची कातडी, गोरी असो की सावळी, रंगाच्या चाकावर लाल-नारिंगीच्या आसपासच बसते. शर्टावर ठेवलेला बिंदू ओठ आणि गालही आपलेच समजतो. रंग कातडीवर सांडण्याचा हा पहिला रस्ता. तो बंद करायचा तर निवड रंगावर सोडायची नाही, बोटाने करायची. स्नॅपसीडमध्ये बोटाने निवड करायची जागा म्हणजे View edits.

तिथे जाण्याआधी रंग तयार करून घ्यावा लागतो. इथेच माझे पहिले दोन प्रयत्न फुकट गेले. पहिल्यांदा मी White Balance मध्ये जाऊन Temperature निळ्याच्या टोकाला नेला. शर्ट जांभळा झाला. लालात निळं ओतलं की जांभळंच होणार, हे चौथीतल्या मुलालाही कळतं. मग Curves मधून लाल खाली आणि निळा वर ओढला. शर्ट निळसर झाला खरा, पण पुठ्ठ्यासारखा. चुण्या गेल्या, खिशाची शिवण गेली, बाहीवरची घडी गेली. मामाच्या अंगावर निळा कागद चिकटवल्यासारखं दिसू लागलं.

असं का झालं, ते एका ठिपक्यात डोकावलं की कळतं. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे, 0 ते 255 मधले. मामाच्या शर्टासारख्या लाल कापडावर उजेडातला ठिपका साधारण लाल 200, हिरवा 40, निळा 45 असा असतो. चुणीच्या सावलीतला लाल 90, हिरवा 15, निळा 18. म्हणजे चुणी दिसते ती लाल आकड्यामुळे, 200 आणि 90 मधल्या फरकामुळे. निळ्यात तो फरक जेमतेम सत्तावीस. लाल दाबला की चुणीच दाबली जाते, आणि उरलेल्या निळ्याला कितीही ताणलं तरी त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं.

म्हणून कापडाचा रंग आधी पूर्ण काढायचा, त्याला करडं करायचं, आणि मग त्या करड्यावर नवा रंग चढवायचा. रंगारीही गडद साडी थेट दुसऱ्या रंगात बुडवत नाही, आधी जुना रंग उतरवतो. करडेपणात मात्र एक खुबी आहे. साधं Saturation उणे 100 वर नेलं तर लाल कापड बरंच काळपट करडं होतं, कारण उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा मोठा धरला जातो आणि लाल कापडात हिरवा नसतोच. त्यावर कुठलाही रंग चढवला तरी तो शाईत भिजल्यासारखा दिसतो. त्याऐवजी Black & White मध्ये जायचं. तिथे रंगीत काचांचा एक पर्याय आहे, जुने फोटोग्राफर काळ्यापांढऱ्या रिळासाठी लेन्सपुढे लाल-पिवळी काच लावत त्याचीच ही नक्कल. त्यातली लाल काच निवडली की लाल वस्तू उजळ होतात. मामाचा शर्ट एकदम फिकट राखाडी झाला आणि चुण्या, शिवण, खिसा, सगळं लख्ख दिसू लागलं. हिरवा शर्ट असता तर हिरवी काच, निळा असता तर निळी.

मग त्याच फोटोवर Curves. लाल रेषेचा मधला भाग बराच खाली, हिरव्या रेषेचा थोडासा खाली, निळी आहे तशी. 150 च्या करड्या ठिपक्यातला लाल 40 च्या आसपास आणि हिरवा 115 च्या आसपास आला की मोरपिशी उमटतो. आकडे मोजत बसायचं नाही. शेजारी नवरीचे वडील उभे होते त्यांचा खरा मोरपिशी कुडता आधीच्या फोटोत पाहायचा आणि त्याच्याशी जुळवायचं. रेषेची टोकं न हलवता मधलाच भाग ओढला तर अगदी उजळ आणि अगदी काळ्या जागांवर रंग कमी चढतो, आणि खऱ्या कापडावरही तसंच असतं: घडीच्या कडेवरची चमक पांढरटच राहते. या टप्प्यावर अख्खा साखरपुडा मोरपिशी झालेला असतो. नवरा, नवरी, भटजी, सगळे पाण्याखाली असल्यासारखे. घाबरायचं नाही. आपण फक्त शर्टाकडे पाहायचं, आणि शर्ट मनासारखा झाला की हा फोटो Export करून ठेवायचा.

इथे कुणी विचारेल की मास्क थेट याच पायऱ्यांवर का नाही? करता येतो. स्नॅपसीड प्रत्येक बदल एकेका थरासारखा लक्षात ठेवतं आणि View edits मध्ये प्रत्येक थरावर वेगळा मास्क रंगवता येतो. पण Black & White चा एक थर, Curves चा दुसरा, म्हणजे मामाची कॉलर दोनदा रंगवायची, आणि दोन्ही वेळा अगदी त्याच रेषेवर. ते कुणाच्या बापाला जमत नाही. दोन मास्कमध्ये केसभर फरक पडला की कडेला एक राखाडी किंवा निळी कोर दिसते. म्हणून एकच मास्क पुरेल अशी व्यवस्था करायची.

मूळ फोटो पुन्हा उघडायचा. Double Exposure मध्ये जाऊन तो मोरपिशी फोटो त्याच्यावर ठेवायचा. दोन्ही एकाच मापाचे असल्यामुळे एकमेकांवर नेमके बसतात, फक्त या वेळी पडद्यावर दोन बोटं लावायची नाहीत, नाहीतर वरचा फोटो सरकतो किंवा मोठा होतो. सरकलाय का हे शर्टाच्या गुंड्यांवरून कळतं. पारदर्शकता अर्ध्यावर असताना गुंडी जोडीने दिसली तर पुन्हा पहिल्यापासून. मग ती पारदर्शकतेची पट्टी उजवीकडच्या टोकाला न्यायची, म्हणजे वरचाच फोटो पूर्ण दिसतो, आणि बरोबरची खूण दाबायची. आता वरच्या थरांच्या चिन्हातून View edits, तिथे Double Exposure ही ओळ, आणि तिच्या छोट्या मेनूतला मधला ब्रश. ब्रश दाबल्याबरोबर सगळा मोरपिशी गायब होतो आणि मूळ फोटो परत येतो, कारण मास्क अजून कोरा आहे. बोट जिथे फिरेल तिथेच नवा रंग उगवणार.

खाली एक आकडा दिसतो, 100. बाणांनी तो 75, 50, 25 आणि 0 करता येतो. 100 म्हणजे पूर्ण रंग, 0 म्हणजे खोडरबर. ब्रशचा आकार बदलायची सोय नाही, आणि ती शोधण्यात नवशिक्यांचा बराच वेळ जातो. बोटाखालचा ब्रश पडद्यावर नेहमी तेवढाच असतो. आकार बदलतो तो फोटोचा. फोटो मोठा केला की ब्रश कापडाच्या मानाने बारीक होतो. शिवाय त्याची कड धारदार नसते, विरत जाणारी असते, ओल्या कागदावर शाईचा थेंब पसरावा तशी. कातडीवर रंग सांडण्याचा दुसरा रस्ता हाच. तुम्ही बरोबर कॉलरच्या रेषेवरून बोट फिरवलंत तर ब्रशची अर्धी विरलेली कड मानेवर गेलेलीच असते.

म्हणून मी आधी फोटो आहे त्या मापात ठेवून शर्टाचा फक्त पोटाकडचा भाग 100 ने भरून घेतला, कडेपासून चांगलं बोटभर आत राहून. मग कॉलर पडदाभर होईपर्यंत मोठं केलं आणि कडेच्या जवळ गेलो. कडेपर्यंत नाही, जवळ. शेवटची चिंचोळी लाल पट्टी उरली तेव्हा आणखी मोठं करून ती भरली आणि भरताना मानेवर थोडं गेलं ते जाऊ दिलं. त्यानंतर आकडा 0 केला आणि दुसऱ्या बाजूने, म्हणजे मानेच्या बाजूने खोडत कडेकडे आलो. खोडतानाही बोट कडेवर ठेवायचं नाही, मानेवर ठेवायचं, आणि ब्रशच्या विरलेल्या कडेलाच कॉलरला टेकू द्यायचं. दोन्हीकडून आलेल्या दोन मऊ कडा मध्ये भेटतात. फक्त रंगवत गेलं तर मऊ कड एकाच बाजूला पडते, आणि ती कायम कातडीच्या बाजूला पडते असा माझा अनुभव आहे.

डोळ्याच्या चिन्हाने मास्क लाल झाकेत दाखवता येतो. एरवी ती सोय फार चांगली, पण लाल शर्टावर लाल झाक म्हणजे अंधारात काळं मांजर. मी डोळा बंद ठेवून थेट नव्या रंगाकडे पाहत काम केलं आणि शेवटी कुठे पोटात भोकं राहिलीत का तेवढं पाहायला एकदा डोळा उघडला. खिशाजवळ एक राहिलंच होतं.

मामाची दाढी कॉलरवर टेकली होती. तिथे 100 नेही नाही आणि 0 नेही नाही, 50 ने एकदा बोट फिरवलं. केसांच्या मधून दिसणारं कापड अर्धवट रंगलं आणि केस काळेच राहिले. पांढऱ्या गुंड्या मोरपिशी झाल्या होत्या, त्या 0 ने एकेक टिचकी मारून परत पांढऱ्या केल्या. खिशातलं पेनही तसंच. मनगटाशी घड्याळाचा पट्टा काळा होता, काळ्यावर रंग चढतच नाही, त्यामुळे तिथे हात सैल सोडला.

एवढं करूनही मानेच्या कडेला एक बारीक लालसर दोरा राहिला. कितीही मोठं करून भरा, तो जाईना. थोडं पुढे सरकलं की मानच मोरपिशी. याला आपला हात जबाबदार नाही. फोन फोटो जेपेगमध्ये साठवतो तेव्हा जागा वाचवण्यासाठी उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतो, पण रंगाची माहिती बहुधा शेजारच्या चार ठिपक्यांत मिळून एकच. आपले डोळे उजेडातले बारकावे टिपतात, रंगातले तितके नाही, म्हणून ही चलाखी खपून जाते. पण त्यामुळे लाल शर्टाचा लाल मूळ फोटोतच कातडीत ठिपकाभर झिरपलेला असतो. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर आणखी लहान होऊन, आणखी दाबून आलेला असतो आणि झिरप वाढते. पुतणीने पहिल्यांदा तसाच पाठवला होता. मी तिला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावली, त्याने अर्धा दोरा तिथेच गेला.

उरलेला अर्धा भरायचा नादच सोडला आणि त्याचा रंग काढला. फोटो Export करून पुन्हा उघडला, Tune Image मध्ये Saturation उणे 100 केलं, View edits मधून त्याचा ब्रश घेतला आणि फोटो खूप मोठा करून त्या दोऱ्यावरून 75 ने एक ओळ ओढली. लाल दोऱ्याचा करडा दोरा झाला. कॉलर आणि मान यांच्यामध्ये करडी कोर डोळ्याला खुपत नाही, कारण तिथे खरोखरच कॉलरची सावली पडलेली असते. रंगीत कोर मात्र लगेच चोरी उघडी करते. हा एक तोडगा मला आधी कळला असता तर आत्याची मान वाचली असती.

तिसरा रस्ता उलट्या दिशेचा आहे. त्यात नवा रंग कातडीवर सांडत नाही, जुना रंग कातडीवर उरतो. मंडपातला दिवा मामाच्या छातीवर पडत होता आणि लाल कापडावरून उसळून हनुवटीखाली जात होता. शर्ट लाल असताना ते कुणाच्या लक्षात येत नाही. तो मोरपिशी झाल्यावर मात्र मामाची हनुवटी खालून पेटल्यासारखी दिसू लागली, आणि मास्क तर अगदी चोख होता. मी बराच वेळ मास्कच तपासत बसलो. मग लक्षात आलं की हे वेगळं दुखणं आहे. याला मुख्य मेनूतलं Brush हे हत्यार लागतं, त्यातलं Saturation, उणे 5 वर. हनुवटीखाली आणि गळ्यावर एकेकदा हलकं फिरवलं. जास्त फिरवलं तर माणूस आजारी दिसतो. दोन फटक्यांत थांबायचं.

काही शर्टांपुढे हे सगळं चालत नाही. काळ्या शर्टाच्या ठिपक्यांत तिन्ही आकडे वीसच्या आत असतात; त्याला उजळलं की कापड नाही, दाणे दिसतात. कडक उन्हात पांढरा फटक पडलेल्या शर्टात चुणीच नोंदलेली नसते. चौकड्यांचा शर्ट करडा केला की चौकड्या राहतात पण दोन रंगांचा एकच होतो. आणि जॉर्जेटच्या ओढणीखालून हात दिसत असेल तर मी तरी हात जोडतो, कारण तिथे कापड आणि कातडी एकाच ठिपक्यात बसलेली असतात आणि मास्क कितीही बारीक केला तरी ठिपका फोडता येत नाही. याउलट पांढरा किंवा फिकट राखाडी शर्ट म्हणजे आयती पाटी. त्याला करडं करायचीही गरज नाही, Curves ने थेट रंग चढतो.

काम झालं का, हे मोठं करून बघायचं नसतं. मोठं केल्यावर सगळंच खोटं दिसतं, खरा फोटोसुद्धा. फोन हातभर लांब धरायचा, उजेड पूर्ण वाढवायचा, आणि शर्टाकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहायचं. नजर आपोआप कॉलरकडे ओढली गेली तर तिथे काहीतरी आहे. मी एकदा चहा घेऊन आलो आणि परत पाहिलं. नजर कुठे ओढली गेली नाही. फोटो पाठवून दिला.

पुतणी खूश. तिची आई खूश. संध्याकाळी मामाचा फोन.

"अहो भावजी, शर्ट छान दिसतोय. पण माझ्या ताटात लाल काय आहे?"

ताट. पेढ्यांचं स्टीलचं ताट मामाने छातीशी धरलं होतं, आणि त्याच्या चकचकीत काठात तो शर्ट, मूळचा, लालभडक, वाकडातिकडा होऊन तसाच उभा होता. फोटो पुन्हा उघडला, Saturation उणे 100, ताटाच्या काठावरून एक गोल फेरा. स्टीलला रंग नसला तरी चालतो.